चलनबाजाराची ओळख : १५२ येनची रेघ

गेल्या आठवड्यात आपण व्याजदर आणि चलनाचा भाव यांचं नातं पाहिलं. ज्या देशात व्याज जास्त, तिकडे पैसा वळतो आणि तिथलं चलन वधारतं. आता हाच नियम जपानला लावून पाहू. १९ मार्च २०२४ रोजी बँक ऑफ जपानने सतरा वर्षांत पहिल्यांदा व्याजदर वाढवला. मग येन वधारायला हवा होता, पण तो त्याच दिवशी घसरला. आठवड्याभरात एका डॉलरला १५१.९७ येन पडू लागले. येन इतका स्वस्त झाल्याला चौतीस वर्षं लोटली होती.

फंडामेंटल विश्लेषण करणाऱ्याला यात फारसं नवल वाटलं नाही. तो एका देशाचा व्याजदर एकटा पाहत नाही, दोन देशांतली तफावत पाहतो. वाढीनंतरही जपानचा दर शून्य ते ०.१ टक्का होता आणि अमेरिकेचा ५.२५ ते ५.५० टक्के. शिवाय दरवाढीची कुणकुण आधीच लागली होती, त्यामुळे ती भावात मुरलेली होती. पुढेही पैसा स्वस्तच राहील, असं बँकेने त्याच दिवशी सांगितलं. येन उसना घेऊन डॉलर धरून ठेवणाऱ्याचा फायदा तसाच शाबूत राहिला. महागाई, रोजगार, आयात-निर्यात, मध्यवर्ती बँकेची भाषा हे सगळं वाचून हा अभ्यासक दिशा सांगतो, आणि इथे ती डॉलर वर जाण्याची होती.

पण डॉलर घ्यायचा कधी आणि कुठल्या भावाला? १५० येनच्या भावाने सव्वापाच टक्क्यांची तफावत म्हणजे डॉलरमागे वर्षाला सुमारे आठ येन. भाव उलटला तर एवढी कमाई दोन-चार दिवसांतही बुडते. म्हणूनच टेक्निकल विश्लेषण लागतं. त्यात बातमी नसते, भावाचा इतिहास असतो. डॉलर-येनचा आलेख उघडला की १५२ च्या अगदी खाली तीन शिखरं दिसत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भाव १५१.९४ ला गेला आणि तीन महिन्यांत १२७ च्या आसपास उतरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये १५१.९१ वरून तो वर्ष संपता संपता १४०-१४१ वर आला. तिसरं शिखर मार्च २०२४ चं. अशा पातळीला रेझिस्टन्स म्हणतात. मला या रेघेत गूढ काहीच दिसत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथेच जपान सरकारने डॉलर विकून येन विकत घेतले होते आणि ते कोणी विसरलं नव्हतं. विक्रीच्या ऑर्डरी तिथे साठत होत्या.

त्यामुळे फक्त व्याजदर पाहून १५१.८० ला डॉलर घेणं मला धोक्याचं वाटतं. दिशा बरोबर असूनही तिथून दोनदा मोठी घसरण झाली होती. दोन्ही विश्लेषणं जोडणारा ट्रेडर भाव १५२ च्या वर बंद होण्याची वाट पाहतो, आणि तो कोणत्या कारणाने वर गेला हेही तपासतो. १० एप्रिलला कारण मिळालं. अमेरिकेतली महागाई ३.५ टक्के निघाली, अपेक्षा ३.४ ची होती. अमेरिकेची दरकपात लांबणार हे दिसलं आणि डॉलर १५३ वर गेला. समजा कोणी तिथे दहा हजार डॉलर घेतले आणि १५१.५० ला स्टॉपलॉस लावला. चूक झाली तर तोटा पंधरा हजार येनचा, म्हणजे सुमारे शंभर डॉलरचा. हा आकडा सौदा करण्याआधीच ठाऊक असतो आणि तो रेघेमुळेच ठरवता येतो.

२९ एप्रिलला भाव १६० च्या वर गेला आणि काही तासांत पाच-सहा येन कोसळला. जपान सरकार पुन्हा बाजारात उतरलं होतं. त्या महिन्याभरात त्याने ९.७९ लाख कोटी येन खर्च केले. पाठोपाठ ३ मे रोजी अमेरिकेतल्या रोजगाराचा आकडा कमजोर आला आणि भाव १५१.८६ पर्यंत उतरला. तिथे तो थांबला. आधी छत असलेली रेघ आता जमीन झाली होती, म्हणजे सपोर्ट. आपल्या ट्रेडरचा स्टॉपलॉस जेमतेम वाचला. पण सरकारने अजून थोडे डॉलर विकले असते तर तो उडाला असता, आणि कुठल्याही आलेखाने त्याची आगाऊ सूचना दिली नसती. पुढे जुलैच्या सुरुवातीला डॉलर जवळजवळ १६२ ला पोहोचला.

३१ जुलैला बँक ऑफ जपानने दर ०.२५ टक्क्यांवर नेला आणि पुढच्या वाढीचे संकेत दिले. अमेरिकेत दरकपात जवळ येत होती. म्हणजे तफावत आता दोन्ही टोकांनी आक्रसू लागली होती. त्याच दिवशी डॉलर १५२ च्या खाली घसरला. मे महिन्यात त्याच रेघेवर डॉलर घेणं शहाणपणाचं होतं, कारण तेव्हा व्याजदराचं गणित डॉलरच्या बाजूने होतं. जुलैअखेर तीच रेघ पाहून खरेदी करणाऱ्याला ५ ऑगस्टला १४२ चा भाव पाहावा लागला.