मसुदा चांगला आहे, पद्धतीचं प्रकरण पुन्हा लिही

समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा लघुप्रबंध प्रस्तावनेपासून संदर्भसूचीपर्यंत पहिल्यांदा सलग हाती येतो, तेव्हा त्यात सगळ्यांत कच्चं प्रकरण बहुधा एकच असतं, ते म्हणजे संशोधन पद्धतीचं. पानं कमी नसतात. संशोधनाच्या व्याख्या, नमुना निवडीचे प्रकार, प्राथमिक आणि दुय्यम माहितीतला फरक, सगळं पाठ्यपुस्तकांतून उतरवलेलं असतं. स्वतः काय केलं, ते मात्र चार ओळींत उरकलेलं असतं. अशा वेळी मार्गदर्शकाचा मेल कसा असावा, हे एका उदाहरणावरून पाहू. मसुदा आणि त्यातले आकडे समजावण्यापुरते कल्पिलेले आहेत. अडचणी मात्र खऱ्या, नेहमी भेटणाऱ्या आहेत.

विषय आहे ऊसतोड कामगार महिलांमधला रक्तक्षय. विद्यार्थिनीने साखर कारखान्याच्या परिसरातल्या तळांवर जाऊन १२० महिलांशी बोलून प्रश्नावली भरली, त्यांचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं. त्यांपैकी ८२ जणींना, म्हणजे ६८ टक्क्यांना, रक्तक्षय आढळला. निष्कर्षात तिने लिहिलं, ‘ऊसतोड महिलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे.’ पद्धतीच्या प्रकरणात कामाचं वाक्य एकच: ‘यादृच्छिक पद्धतीने १२० महिलांची निवड केली.’

मेलची सुरुवात अशी करता येईल: ‘मसुदा पूर्ण वाचला. महिलांच्या दिवसाचं वर्णन करणारं चौथं प्रकरण उत्तम झालंय, तिथे एक शब्दही बदलू नकोस. पण पद्धतीचं प्रकरण आहे त्या स्थितीत प्रबंध सादर करता येणार नाही. ते पुन्हा लिहावं लागेल आणि त्यामुळे निष्कर्षही बदलतील. हे काम होण्यासारखं आहे, आणि कसं ते खाली लिहितोय.’

कौतुक खरं आहे आणि कशाचं आहे तेही सांगितलंय. निकाल पहिल्याच परिच्छेदात आलाय. ‘थोडं अधिक तपशिलात लिहिता आलं तर पाहा’ अशी मऊ वाक्यं मार्गदर्शक सौजन्याने लिहितात. विद्यार्थी दोन परिच्छेद वाढवून मसुदा परत पाठवतो आणि खरी गोष्ट त्याला तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाकडून कळते. मला हे सौजन्य वाटत नाही.

पुढचा भाग मेलचा गाभा. इथे दोष दाखवण्यापेक्षा प्रश्न विचारावेत, कारण उत्तरं विद्यार्थिनीकडेच असतात. ‘यादृच्छिक निवडीसाठी आधी सगळ्या महिलांची यादी लागते. ती तुला कुठून मिळाली? यादी नसेल, तर तू प्रत्यक्षात कुणापर्यंत कशी पोचलीस? मुकादमाने ओळख करून दिली का? तू तळावर किती वाजता जायचीस? किती जणींनी बोलायला नकार दिला?’

यातला वेळेचा प्रश्न साधा वाटतो, पण सगळा निष्कर्ष त्यावर उभा आहे. तोडीला जाणारी माणसं पहाटे अंधारातच फडावर निघतात. सकाळी अकराला तळावर पोचलं, तर कोपीत कोण भेटणार? आजारी असलेली, नुकती बाळंत झालेली, अंगात ताकद नाही म्हणून मागे राहिलेली बाई. या महिलांमध्ये रक्तक्षय जास्त सापडणारच, आणि मग ६८ टक्के हा आकडा सगळ्या ऊसतोड महिलांचा राहत नाही, दिवसा तळावर असलेल्यांचा होतो. उलट मुकादमाने निवडून समोर आणलेल्या महिला धडधाकट असतील, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी निघेल. नीट काढलेल्या यादृच्छिक नमुन्यात १२० जणींमागे साधारण आठ टक्के इकडेतिकडे धरून चालतात. निवडच एका बाजूला झुकलेली असेल, तर त्या आठ टक्क्यांचा आधार उरत नाही. अशाच तऱ्हेने ५०० फॉर्म भरले असते, तरी झुकाव गेला नसता.

तुलनेचंही तसंच. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ५४.२ टक्के होतं. त्या सर्वेक्षणात बोट टोचून घेतलेल्या रक्ताची छोट्या यंत्रावर तपासणी झाली. विद्यार्थिनीने शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत दिलं असेल, तर दोन आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी तसं सांगायलाच हवं. सीमारेषाही लिहायला हवी. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी ती डेसिलिटरमागे १२ ग्रॅम असते, गरोदर स्त्रीसाठी त्याहून खाली. गरोदर महिलांना १२ची रेषा लावली गेली असेल, तर रक्तक्षय उगाच वाढलेला दिसेल.

आता मेलमधली सगळ्यांत अवघड जागा. काही उणिवा लिखाणाच्या असतात: तारखा, प्रश्नावलीची भाषा, रक्त कुणी घेतलं, किती फॉर्म अपुरे राहिले. वहीत नोंदी असतील तर या घरी बसून भरून निघतात. काही उणिवा काम करतानाच राहून गेलेल्या असतात. हंगाम संपला, टोळ्या गावी परतल्या, आता निवड नव्याने होणार नाही. मार्गदर्शकाने या दोन्ही वेगळ्या काढून दाखवाव्यात, नाहीतर विद्यार्थी दुसऱ्या प्रकारची उणीव शब्दांनी झाकू पाहतो. मेलमध्ये ते असं येईल: ‘निवड यादृच्छिक नसेल, तर तो शब्द काढ. “दिवसा तळावर भेटलेल्या आणि बोलायला तयार झालेल्या १२० महिला” असं लिही. निष्कर्षात “ऊसतोड महिला” ऐवजी “या अभ्यासातल्या महिला” म्हण, आणि राज्याशी तुलना करणारं वाक्य गाळ. अभ्यास लहान होईल, पण खरा होईल. या महिलांपैकी ८२ जणींना उपचारांची गरज होती, एवढं तरी तुझ्या कामातून पक्कं सिद्ध होतं.’

रक्त घेण्याचा एक प्रश्न मेलमध्ये न लिहिता समोर बसून विचारावा. एथिक्स कमिटीची परवानगी काम सुरू होण्यापूर्वी होती का, आणि संमती घेताना मुकादम शेजारी उभा होता का? परवानगी मागच्या तारखेने मिळत नाही. उचल घेतलेल्या कुटुंबातल्या बाईला मुकादमासमोर नाही म्हणणं सोपं नसतं, म्हणून तिचा होकारही तपासून घ्यावा लागतो. यात गफलत असेल, तर ती विद्यार्थिनीइतकीच मार्गदर्शकाची आणि विभागाची जबाबदारी असते. त्यामुळे मेलमध्ये एवढंच लिहावं: ‘संमतीपत्रं आणि परवानगीचं पत्र घेऊन ये, त्याबद्दल बोलू.’

शेवटी कामाचा क्रम सांगावा. ‘आधी व्याख्यांची पानं काढून टाक. मग वही समोर ठेवून पहिल्या दिवसापासून काय केलंस ते दोन-तीन पानांत साध्या भाषेत लिही आणि फक्त तेवढंच मला पाठव. निष्कर्षांना त्यानंतर हात घालू. शुद्धलेखन आणि तक्त्यांचे क्रमांक मी आत्ता पाहिलेले नाहीत, तूही त्यात वेळ घालवू नकोस.’ वऱ्हांड्यासारख्या लांबलचक मसुद्यावर पानोपानी लाल खुणा करून पाठवल्या, तर विद्यार्थी आधी वेलांट्या दुरुस्त करतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

ज्यांचं क्षेत्रकाम अजून चालू आहे, त्यांना एक विनंती. रोज संध्याकाळी वहीत तारीख, वेळ, कुणी ओळख करून दिली, किती जणी भेटल्या आणि कितींनी नकार दिला, एवढं लिहून ठेवा, आणि भरलेले मूळ फॉर्म तोंडी परीक्षा होईपर्यंत टाकू नका.