शिऱ्यानंतरचा घाम

जठराचा खालचा भाग काढल्यानंतर कर्वेनगरातल्या एका काकांनी वाटीभर शिरा खाल्ला, वर गोड चहा. वीस मिनिटांत दरदरून घाम, धडधड आणि मग जुलाब. शिरा शिळा नव्हता. अन्न थोडं थोडं पुढे सोडणारी जठराची झडपच गेल्यामुळे साखर एकदम लहान आतड्यात उतरते आणि रक्तातलं पाणी ओढून घेते. याला ‘डंपिंग’ म्हणतात. म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं, कोरडं खावं: भाकरी-झुणका, अंडं. पाणी, ताक, चहा अर्ध्या तासाने. जेवून शतपावली नको (आजीची शिकवण इथे चालत नाही), थोडं आडवं व्हावं. घाम, थरथर दोन-तीन तासांनी आली, तर बहुधा रक्तातली साखर घसरलेली असते. तेव्हा तपासून डॉक्टरांना सांगा.