सात व्होल्टला जाणाऱ्या दोन वाटा

सर्किट थिअरीच्या ट्युटोरियलला मी फळ्यावर बहुधा एकच सर्किट काढतो. डावीकडे २४ व्होल्टचा सोर्स आणि त्याच्या सिरीजमध्ये ६ ओहम. उजवीकडे ९ व्होल्टचा सोर्स आणि त्याच्या सिरीजमध्ये ३ ओहम. दोन्ही सोर्सची पॉझिटिव्ह बाजू वर. या दोन शाखा वर एका नोडला मिळतात आणि त्या नोडपासून खालच्या ग्राउंडपर्यंत २ ओहमचा लोड जोडलेला. प्रश्न एवढाच, की लोडमधून करंट किती? आकडे मुद्दाम सोपे घेतलेत. मला आकडेमोड तपासायची नसते, कोण कुठून सुरुवात करतं ते बघायचं असतं.

वर्ग साधारण दोन गटांत विभागला जातो. एक गट लगेच वहीत तीन सर्किटं काढायला घेतो: मूळचं एक आणि एकेक सोर्स ठेवून काढलेली दोन. हे सुपरपोझिशनवाले. दुसरा गट २४ ला ६ ने भागून मोकळा होतो. हे सोर्स ट्रान्सफॉर्मेशनवाले. दोघांचं उत्तर एकच येतं, पण वाटेत काय हाती लागतं आणि काय हातचं जातं, ते अगदी वेगळं असतं.

आधी सुपरपोझिशन. २४ व्होल्टचा सोर्स ठेवायचा आणि ९ व्होल्टच्या जागी नुसती तार टाकायची, कारण व्होल्टेज सोर्स शून्य करणं म्हणजे तो शॉर्ट करणं. करंट सोर्स असता तर तो ओपन केला असता. सोर्स गेला तरी त्याचा ३ ओहम जागेवरच राहतो. आता ३ आणि २ ओहम पॅरलल झाले, म्हणजे १.२ ओहम. त्यात डावीकडचे ६ मिळवून ७.२. चोवीसला ७.२ ने भागलं की ३.३३ अँपिअर, आणि त्याला १.२ ने गुणलं की नोडवर ४ व्होल्ट. लोडमध्ये २ अँपिअर.

आता पाळी ९ व्होल्टची. डावीकडे तार, ६ आणि २ पॅरलल, म्हणजे १.५ ओहम. त्यात ३ मिळवून ४.५. करंट २ अँपिअर, नोडवर ३ व्होल्ट, लोडमध्ये १.५ अँपिअर. दोन्ही वाटे एकाच दिशेचे आहेत, म्हणून बेरीज: नोडवर ७ व्होल्ट, लोडमध्ये ३.५ अँपिअर.

सोर्स ट्रान्सफॉर्मेशनवाल्यांची वही याच्या निम्म्यातच संपते. २४ व्होल्ट आणि सिरीजमधले ६ ओहम यांच्या जागी ४ अँपिअरचा करंट सोर्स आणि त्याला पॅरलल ६ ओहम. ९ व्होल्ट आणि ३ ओहम यांच्या जागी ३ अँपिअर आणि पॅरलल ३ ओहम. आता सगळंच एका नोडवर पॅरलल आहे. ४ आणि ३ मिळून ७ अँपिअर, ६ आणि ३ पॅरलल म्हणजे २ ओहम. समोर लोडही २ ओहमचाच, तेव्हा ७ चे दोन सारखे वाटे होतात. ३.५ अँपिअर.

इथे ही पद्धत सोपी का पडते, याचं कारण सर्किटच्या घडणीत आहे. दोन्ही सोर्सना स्वतःचा सिरीज रेझिस्टर आहे आणि दोन्ही शाखा त्याच दोन टोकांना जोडलेल्या आहेत. म्हणून करंट सोर्स झाल्यावर ते थेट बेरजेत घेता येतात. नोडचं समीकरण लिहिणाऱ्याच्या वहीतही हेच ४ आणि ३ असतात: २४ भागिले ६, अधिक ९ भागिले ३. ट्रान्सफॉर्मेशन म्हणजे त्याच समीकरणाचं काढलेलं चित्र. मात्र दोन शाखा वेगवेगळ्या नोडवर असत्या, तर मधल्या रेझिस्टरमुळे पुन्हा व्होल्टेज सोर्समध्ये यावं लागलं असतं, मग पुन्हा करंटमध्ये, आणि पायऱ्या वाढत गेल्या असत्या. आणि एखाद्या व्होल्टेज सोर्सला सिरीज रेझिस्टरच नसेल, तर त्याचा करंट सोर्स होतच नाही. शून्याने भागायचं कसं?

लोडचं उत्तर मिळालं की मी दुसरा प्रश्न टाकतो. आता ६ ओहममधून करंट किती?

वहीत निम्म्यातच मोकळे झालेले इथे घाईत उत्तर देतात. नोडवर ७ व्होल्ट, रेझिस्टर ६ ओहम, म्हणून १.१७ अँपिअर. समोर चित्र तेच दिसतं: नोडपासून ग्राउंडपर्यंत ६ ओहम. पण हा ६ ओहम तो नव्हे. मूळ सर्किटमधल्या ६ ओहमचं एक टोक नोडला आणि दुसरं २४ व्होल्टला आहे; त्याच्यावर २४ वजा ७, म्हणजे १७ व्होल्ट आहेत. खरा करंट २.८३ अँपिअर. ट्रान्सफॉर्मेशन नोडच्या बाहेर काय दिसतं त्याची हमी देतं, आत काय चाललंय त्याची नाही. लोड काढून ठेवला आणि २४ व्होल्टची शाखा एकटी विचारात घेतली, तर मूळ शाखेत करंटच नाही, ६ ओहम थंड. तिच्या करंट सोर्सवाल्या रूपात मात्र ४ अँपिअर त्या ६ ओहममधून गोल फिरत राहतात आणि कागदावर ९६ वॅट जळतात. बाहेरून दोन्ही सारखे, आतून पार वेगळे.

सुपरपोझिशनवाल्यांना या प्रश्नाची धास्ती नसते, कारण त्यांचा ६ ओहम कधी जागचा हललाच नाही. २४ व्होल्ट एकटा असताना त्यातून ३.३३ अँपिअर नोडकडे जातात. ९ व्होल्ट एकटा असताना नोडवर ३ व्होल्ट, म्हणून अर्धा अँपिअर उलट, सोर्सकडे जातो. वजाबाकी करा, २.८३. उत्तर वहीत आधीच लिहिलेलं असतं, फक्त दिशा नीट पाहावी लागते.

ट्रान्सफॉर्मेशनवाल्यांसाठीही सुटका आहे, आणि ती फार सोपी आहे. ७ व्होल्ट मिळाले की बदललेलं चित्र बाजूला ठेवायचं, मूळ सर्किटवर परत यायचं आणि तिथेच उरलेले करंट काढायचे. १७ भागिले ६ म्हणजे २.८३. उजवीकडे ९ वजा ७, भागिले ३, म्हणजे ०.६७. दोन्ही मिळून ३.५; लोडचा करंट जुळला. ही बेरीज जुळते का ते बघायला अर्धं मिनिट लागतं आणि १.१७ वालं उत्तर तिथेच पकडलं जातं.

दिशेची चूक दोन्हीकडे होते. ९ व्होल्टचा सोर्स उलटा जोडला, तर करंट सोर्सचा बाण खाली येतो, कारण बाणाचं टोक नेहमी पॉझिटिव्हकडे असायला हवं. मग ४ वजा ३, म्हणजे १ अँपिअर आणि नोडवर १ व्होल्ट. सुपरपोझिशनमध्येही ४ वजा ३, १ व्होल्टच. बाण न फिरवता ज्याला पुन्हा ७ मिळतात, त्याने उत्तर काढलेलं नसतं, मागचं उत्तर उतरवलेलं असतं.

प्रॅक्टिकलला हेच सर्किट ब्रेडबोर्डवर येतं, फक्त ओहमच्या जागी किलोओहम. फळ्यावरच्या आकड्यांत त्या ६ ओहमवर ४८ वॅट खर्च होतात. पाव वॅटचा रेझिस्टर काळा पडेल. किलोओहममध्ये व्होल्टेज तेवढीच राहतात आणि करंट मिलिअँपिअरमध्ये येतात. ६ किलोओहमसाठी ३ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावायचे. इथे करून बघायची पद्धत म्हणजे सुपरपोझिशन; ट्रान्सफॉर्मेशन कागदावरच राहतं, बाकावर तपासता येतं ते फक्त त्याचं उत्तर.

बाकाबाकांमधून फिरताना मी फक्त नोडवरचं रीडिंग विचारतो. एका बाकावरची मुलगी सांगते, "सर, एकट्या चोवीसला सहा व्होल्ट येतात." पार्टनर लगेच म्हणतो, "आणि नवाला तीन पॉइंट सहा." मिळून ९.६, आणि दोन्ही सोर्स लावल्यावर मीटर दाखवतो ७. हे आकडेच काय झालंय ते सांगतात. दुसऱ्या पॉवर सप्लायची वायर काढली, पण तिच्या जागी तार टाकली नाही. शाखा शॉर्ट होण्याऐवजी ओपन राहिली. तेव्हा २४ व्होल्ट फक्त ६ आणि २ मध्ये वाटले गेले, आले ६. दुसऱ्या वेळी ९ व्होल्ट ३ आणि २ मध्ये, आले ३.६. सप्लाय फक्त बटणाने बंद करून सर्किटला तसाच ठेवला, तर रीडिंग बहुधा मधलंच काहीतरी येतं, कारण बंद सप्लाय म्हणजे तार नव्हे. आणि चालू सप्लायच्याच दोन टोकांना तार लावली, तर त्याचा करंट लिमिटचा दिवा लागतो. बरोबर क्रम एकच: सप्लायची दोन्ही टोकं सर्किटमधून काढा, मग त्या दोन जागा तारेने जोडा.

वॅटचा प्रश्न आला की सुपरपोझिशनवाल्यांना थांबवावं लागतं. लोडमध्ये एका सोर्समुळे २ अँपिअर, म्हणजे ८ वॅट, दुसऱ्यामुळे १.५ अँपिअर, म्हणजे ४.५ वॅट. बेरीज १२.५. खरे वॅट मात्र ३.५ अँपिअरवरून काढायचे, ते भरतात २४.५. करंटची बेरीज होते, त्यांच्या वर्गांची होत नाही. आधी करंट पूर्ण जोडा, वॅट शेवटी काढा.

मग निवड कशी करायची? सर्किटकडे बघण्याआधी प्रश्न वाचायचा. फक्त लोडचं विचारलं असेल आणि लोड बदलत जाणार असेल, तर ट्रान्सफॉर्मेशन. ७ अँपिअर आणि २ ओहम पुन्हा उलटवले की १४ व्होल्ट आणि सिरीजमध्ये २ ओहम उरतात. मग ५ ओहमच्या लोडला २ अँपिअर, १२ ओहमच्या लोडला १ अँपिअर, प्रत्येकी एका भागाकारात. सुपरपोझिशनला प्रत्येक लोडसाठी दोन्ही सर्किटं नव्याने सोडवावी लागतील.

उलट, सोर्सच्याच शाखेतला करंट विचारला असेल, किंवा कोणत्या सोर्सचा वाटा किती हे विचारलं असेल, तर सुपरपोझिशन. ९ चे १८ व्होल्ट झाले तर त्याचा ३ व्होल्टचा वाटा ६ होईल, आणि ते बेरजेआधीच दिसतं. एक सोर्स डीसी, दुसरा एसी आणि सर्किटमध्ये कपॅसिटर असेल, तर निवडच उरत नाही. कपॅसिटर डीसीला ओपन दिसतो आणि एसीला नाही, म्हणून दोघांसाठी दोन वेगळी सर्किटं सोडवावीच लागतात. दोन सोर्स एका करंट सोर्समध्ये मिळवता येत नाहीत. आणि जो रेझिस्टर प्रश्नात विचारलाय, त्याला ट्रान्सफॉर्मेशनमध्ये घेऊ नये. एवढं पाळलं तर दोन्ही वाटा ७ व्होल्टलाच जातात; फरक पडतो तो त्यानंतरच्या प्रश्नाला.