वरची छाती आणि बाकाचा कोन

छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, एकच असला तरी त्याचे तंतू दोन वेगळ्या जागांहून निघतात. मोठा भाग छातीच्या मधल्या उभ्या हाडापासून आणि बरगड्यांच्या कूर्चांपासून सुरू होतो. वरचा लहान भाग कॉलर बोनच्या आतल्या अर्ध्या लांबीवरून निघतो. हे सगळे तंतू पंख्यासारखे एकत्र येत दंडाच्या हाडाला वरच्या बाजूने चिकटतात. व्यायामशाळेत ज्याला ‘अप्पर चेस्ट’ म्हणतात तो हाच कॉलर बोनपासून निघणारा भाग. त्याचे तंतू गळ्याजवळून तिरके खाली आणि बाहेर जातात, म्हणून ते आखडले की दंड वर आणि आत, म्हणजे समोरून हनुवटीच्या दिशेने ओढला जातो. वरच्या छातीसाठी कोणता व्यायाम कामाचा हे या दिशेवरूनच ठरते. ज्या हालचालीत दंड वजनाविरुद्ध वर आणि आत जातो, तिथे या भागाला काम लागते. सपाट बाकावरच्या प्रेसमध्येही त्याला काम असते, पण भार बराचसा खालच्या मोठ्या भागाकडे जातो.

अडचण शेजाऱ्याची आहे. कॉलर बोनच्या बाहेरच्या टोकाकडून खांद्याचा पुढचा स्नायू, म्हणजे फ्रंट डेल्टॉइड, निघतो आणि दंड समोरून वर उचलण्याचे काम त्याचेही आहे. बाकाची पाठ जसजशी उभी होत जाते तसतशी ढकलण्याची दिशा शरीराच्या मानाने डोक्याकडे सरकते आणि छातीच्या हातून काम सुटून खांद्याकडे जाते. पाठ पूर्ण उभी केली तर उरतो तो शोल्डर प्रेस. म्हणून ‘इन्क्लाइन जितका जास्त, तितकी वरची छाती जास्त’ हा व्यायामशाळांतला पक्का समज चुकीचा आहे. 2020 साली स्पेनमधील संशोधकांनी सपाट बाकापासून 60 अंशांपर्यंत पाच कोनांत बेंच प्रेस करवून स्नायूंतील विद्युत हालचाल मोजली. वरच्या छातीची हालचाल 30 अंशांवर सर्वाधिक आढळली आणि त्याहून उभ्या कोनांत खांद्याचा वाटा वाढत गेला. विद्युत हालचाल म्हणजे प्रत्यक्ष वाढ नव्हे, ही या मोजमापाची मर्यादा. पण त्याच वर्षी ब्राझीलमधील एका प्रयोगात नवशिक्या तरुणांच्या स्नायूंची जाडी आठ आठवड्यांच्या सरावाआधी आणि नंतर मोजली गेली. इन्क्लाइन करणाऱ्या गटाची छाती वरच्या भागात अधिक जाड झाली होती. तो प्रयोग 44 अंशांवर झाला होता. म्हणजे 45 अंश निकामी नाहीत, फक्त तिथे खांदा मोठा वाटेकरी असतो. एकंदरीत 15 ते 30 अंशांचा पट्टा सर्वांत भरवशाचा, आणि बहुतेकांनी मुख्य काम तिथेच करावे.

आता हा कोन ओळखायचा कसा? बऱ्याच व्यायामशाळांतील पक्क्या बसवलेल्या इन्क्लाइन बेंचचा कोन 45 अंशांच्या आसपास असतो. खाचा असलेल्या बेंचवर अंश लिहिलेले असतीलच असे नाही. मोबाइलमधील कोनमापक पाठीच्या फळीवर ठेवला की काम होते. तो नसेल तर साधा फुटपट्टीचा हिशेब पुरतो: पाठीची फळी बिजागरीपासून जितकी लांब, तिच्या निम्म्याइतके तिचे वरचे टोक बिजागरीच्या पातळीहून उंच असेल, तर कोन 30 अंश. फळी 80 सेंटिमीटर असेल तर 40 सेंटिमीटर उंचीवर 30 अंश, 20 सेंटिमीटरवर साधारण 15 अंश आणि 56 सेंटिमीटरच्या पुढे जाताच 45 अंश. एकदा मोजून कोणती खाच किती अंशांची हे लक्षात ठेवावे.

बाकाचा कोन आणि छातीचा कोन मात्र नेहमी एक नसतात. वजन जड झाले की कंबर उचलून पाठीची कमान करण्याकडे कल असतो. तसे केले की 30 अंशांच्या बाकावरही छाती जवळपास सपाट होते आणि व्यायाम नावापुरता इन्क्लाइन उरतो. बाकाची बैठकही किंचित वर उचलून ठेवावी, म्हणजे शरीर खाली घसरत नाही. खांद्याची पाती मागे ओढून बाकावर टेकवलेली असावीत आणि नितंब उचलले जाऊ नयेत. पाठीला थोडी नैसर्गिक कमान राहिली तर हरकत नाही.

बारबेलचा इन्क्लाइन प्रेस हा यातला पाया, कारण त्यात वजन थोडे थोडे वाढवता येते. रॉड कॉलर बोनच्या चार-पाच बोटे खाली टेकावा. सपाट बेंचच्या सवयीने तो खाली स्तनाग्रांकडे आणला तर वरच्या तंतूंची दिशा चुकते. गळ्यावर आणला तर खांदे ताणले जातात. कोपरे शरीरापासून काटकोनात फाकवू नयेत, साधारण 45 ते 60 अंशांवर ठेवावीत. खाली आल्यावर बाजूने पाहिले तर मनगट कोपराच्या नेमके वर असावे. पकड खांद्यांहून थोडीच रुंद पुरते, फार रुंद पकडीत दंड बाहेर फेकले जातात. डंबेल प्रेसमध्ये हात मोकळे असल्याने ते वर जाताना आतही आणता येतात आणि खाली ताण थोडा जास्त घेता येतो. ज्यांच्या खांद्याला सरळ रॉड मानवत नाही त्यांना डंबेल बहुधा मानवतात. स्मिथ मशीनवर रॉडचा मार्ग ठरलेला असतो, म्हणून तिथे सगळी काळजी बाक ठेवतानाच घ्यावी लागते: रॉड खाली आला की वरच्या छातीवर येतो ना, हे रिकाम्या रॉडने आधी पाहावे.

प्रेसमध्ये ट्रायसेप्स आणि खांदा थकले की सेट संपतो, छातीत अजून दम असला तरी. ही उणीव फ्लाय भरून काढतो, कारण त्यात कोपर जवळजवळ एकाच बाकात स्थिर राहते आणि ट्रायसेप्स बाजूला पडतो. इन्क्लाइन डंबेल फ्लायमध्ये हात पसरलेले असताना भार सर्वांत जास्त असतो. हात वर एकमेकांजवळ आले की वजन सरळ सांध्यांवर उभे राहते आणि छातीला फारसे काही उरत नाही. म्हणून डंबेल वर एकमेकांना टेकवण्याची गरज नाही, मधे खांद्याएवढे अंतर असतानाच पुन्हा खाली जावे. केबलमध्ये ओढ पुलीच्या दिशेने येत असल्याने भार शेवटपर्यंत टिकतो. दोन्ही पुली खाली गुडघ्याच्या पातळीला लावाव्यात, एक पाऊल पुढे उभे राहावे आणि हात खालून वर आणत चेहऱ्यासमोर एकत्र आणावेत. दंडाचा हा प्रवास वरच्या तंतूंच्या दिशेशी अगदी जुळतो. वजन हलकेच घ्यावे. कोपरे वाकू-सरळ होऊ लागली की फ्लायचा प्रेस झाला आणि खांदे कानांकडे चढू लागले की काम मानेच्या स्नायूंनी घेतले, असे समजावे.

आठवड्याची आखणी एका उदाहरणातून पाहता येईल. दोन वर्षे सराव असलेला एक तरुण दर सोमवारी छातीचा व्यायाम करतो: आधी सपाट बेंच प्रेसचे चार सेट, मग डिक्लाइनचे तीन, पेक डेकचे तीन आणि अखेरीस 45 अंशांच्या पक्क्या बेंचवर इन्क्लाइनचे तीन. एकूण 13 सेट. सपाट बेंचवर तो 60 किलोच्या आठ रेप्स मारतो. त्याची छाती खाली भरलेली आणि वर सपाट आहे, आणि याचे बरेचसे कारण या क्रमातच दिसते. वरच्या छातीला खास असे तीनच सेट मिळतात, तेही दहा सेटनंतर, थकलेल्या खांद्यांनी आणि खांद्याला झुकते माप देणाऱ्या कोनात.

त्याने सेट वाढवण्याची गरज नाही, ते नव्याने वाटायला हवेत. सोमवारी सुरुवातच 30 अंशांच्या बारबेल प्रेसने करावी: तीन सेट, सहा ते आठ रेप्स. सपाट बेंचच्या पाऊण वजनाने, म्हणजे 45 किलोने, सुरुवात ठीक. त्यानंतर सपाट डंबेल प्रेसचे तीन सेट आणि खालून वर केबल फ्लायचे दोन, 12 ते 15 रेप्सचे. गुरुवारी 15 अंशांवर, म्हणजे बहुधा एकच खाच वर, डंबेल प्रेसचे तीन सेट आठ ते बारा रेप्सचे आणि शेवटी सपाट बेंचचे दोन. एकूण सेट तेच 13, पण त्यांतले आठ आता वरच्या छातीकडे वळलेले, आणि दोन दिवसांत विभागल्यामुळे प्रत्येक सेट ताज्या अंगाने होतो. जड सेटमध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती घ्यावी आणि एक-दोन रेप्स शिल्लक असताना थांबावे.

वजन वाढवण्याचा नियम सोपा आहे. पहिल्या आठवड्यात 45 किलोवर आठ, सात, सहा अशा रेप्स झाल्या तर वजन तेच ठेवायचे. तिन्ही सेट आठ-आठ झाले की दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट चढवून 47.5 किलोवर जायचे. डंबेलमध्ये पुढची जोडी प्रत्येक हाती अडीच किलोने जड असते, एकूण वाढ पाच किलोची होते, म्हणून तिन्ही सेट बाराला पोचेपर्यंत घाई करू नये. चार ते सहा आठवडे वजन किंवा रेप्स वाढत असतील आणि पुढच्या सत्रापर्यंत खांदे ताजे होत असतील, तरच केबल फ्लायचा एखादा सेट वाढवावा.

खांद्याचा दिवस कुठे येतो हेही पाहायला हवे. मंगळवारी जड शोल्डर प्रेस आणि फ्रंट रेज केले तर सोमवारी थकलेला पुढचा खांदा गुरुवारपर्यंत सावरत नाही. शोल्डर प्रेस गुरुवारच्या छातीनंतरच घ्यावा आणि फ्रंट रेज सरळ वगळावे, इन्क्लाइनने ते काम होतेच. पाठीसाठी रोइंगचे सेट निदान प्रेसइतके ठेवावेत.

दिशा चुकली तर खूण लवकर मिळते: सेट संपताना नेहमी खांद्याचा पुढचा भागच जळतो आणि वरची छाती जागीही होत नाही. तेव्हा बाक एक खाच खाली करावा, वजन दहा टक्क्यांनी घटवावे आणि रॉड कुठे टेकतो ते बाजूने व्हिडिओ काढून पाहावे. फरक आरशात दिसायला काही महिने लागतात, त्याआधी वहीतले आकडे हलतात. कॉलर बोनची लांबी आणि स्नायू हाडाला कुठे चिकटतो हे जन्मजात असल्याने दोन माणसांची भरलेली छातीही वेगळी दिसते, आणि वरची चरबी कोणत्याही कोनाने उतरत नाही. खांद्याच्या पुढच्या भागात टोचणारी कळ येत असेल तर बारबेल सोडून 15 अंशांवर डंबेल घ्यावेत आणि फ्लायमध्ये हात छातीच्या पातळीखाली नेऊ नयेत. दोन आठवड्यांत कळ कमी झाली नाही, किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येईनासे झाले, तर प्रेस थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.