मागच्या वेळेचा शिक्का घेऊन येणाऱ्या ओळी

समजा, औषधांचा घाऊक व्यापार करणारी एक कंपनी आहे. बिलं, साठा, दर हे सगळं पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये राहतं. विक्रीचे मोठे अहवाल त्याच डेटाबेसवर चालवले तर काउंटरवरची बिलं अडकतात, म्हणून अहवालांसाठी दुसरा डेटाबेस ठेवलेला आहे. दर दहा मिनिटांनी एक छोटा प्रोग्राम पहिल्यातला माल दुसऱ्यात नेतो. तो दरवेळी अख्खं टेबल उचलत नाही. प्रत्येक ओळीत `updated_at` नावाचा रकाना असतो आणि ओळ बदलली की त्यात वेळ पडते. आजवर पाहिलेली सगळ्यात मोठी वेळ प्रोग्राम लिहून ठेवतो आणि पुढच्या खेपेला तिच्या पुढच्या वेळेच्या ओळी तेवढ्या मागतो. या लिहून ठेवलेल्या वेळेला वॉटरमार्क म्हणतात. पद्धत सोपी, स्वस्त आणि जवळपास सगळीकडे वापरात असलेली.

आता एक सकाळ पाहू. ११:०२:१० ला खरेदी विभागातून नवी दरयादी चढवायला सुरुवात होते. यादीत ४,२०० औषधं आहेत. अर्धी यादी लागली आणि अर्धी राहिली असं होऊ नये म्हणून सगळं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये केलेलं आहे: सगळे दर लागतील, नाहीतर एकही नाही. प्रत्येक दराची तपासणी होत होत ११:२१:४० ला ते कमिट होतं.

मधल्या काळात प्रोग्राम ११:२० ची खेप करून गेला. कमिट न झालेल्या ओळी इतरांना दिसत नाहीत, त्यामुळे दरयादी त्याला दिसली नाही. बाकीची बिलं चालूच होती. त्यांतलं शेवटचं ११:१९:५२ चं, म्हणून वॉटरमार्क ११:१९:५२ झाला. ११:३० ला त्याने विचारलं, ११:१९:५२ नंतरचं काय आहे? दरयादी तोवर कमिट झालेली होती, पण तिच्या प्रत्येक ओळीवर वेळ होती ११:०२:१०. त्या ओळी प्रश्नात बसल्याच नाहीत. पुढच्या कुठल्याच खेपेत त्या बसणार नाहीत, कारण वॉटरमार्क पुढेच जातो.

एकोणीस मिनिटं चाललेल्या कामाच्या सगळ्या ओळींवर सुरुवातीची वेळ कशी? पोस्टग्रेसमधलं `now()` हे चालू क्षणाची वेळ देत नाही, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची देते. एका व्यवहारातल्या सगळ्या नोंदींवर एकच वेळ असावी म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं आहे. थोडक्यात, ओळीवरचा शिक्का सुरुवातीचा असतो आणि ती लोकांना दिसते कमिटनंतर. कचेरीतल्या अर्जावर सकाळी आवक शिक्का बसावा, अर्ज टेबलावर संध्याकाळी यावा आणि कारकुनाने दुपारनंतरच्या शिक्क्याचेच अर्ज उचलावेत, तसा हा प्रकार.

हे कळलं की पहिला उपाय सुचतो तो `now()` ऐवजी खरं घड्याळ दाखवणारं `clock_timestamp()` वापरण्याचा. माझ्या मते तो दुखणं वाढवतो. मग दरयादीच्या ओळींवर ११:०२ पासून ११:२१ पर्यंतच्या वेगवेगळ्या वेळा पडतील. ११:१९:५२ नंतरच्या थोड्या ओळी पोहोचतील आणि बाकीच्या गळतील. पूर्ण यादी गायब झाली तर कुणीतरी ओरडतं. थोडी आली की ती आली असंच सगळे धरून चालतात.

कारण या चुकीचा गाजावाजा होत नाही. प्रोग्राम यशस्वी, लॉगमध्ये एरर नाही. त्यात भर म्हणजे, गळलेल्या औषधाचा दर उद्या कुणी हाताने बदलला की त्या ओळीला नवी वेळ मिळते आणि ती मुकाट्याने दुसरीकडे पोहोचते. तपासायला बसलेल्या माणसाला नेमकं त्याने उघडून पाहिलेलं औषध बरोबर दिसतं. दोन्हीकडच्या ओळी `updated_at` च्या तासांनुसार मोजल्या, तर मात्र चोर सापडतो: अकराच्या तासात हजारोंचा फरक, आणि गळलेल्या सगळ्या ओळींवर सेकंदाच्या अंशापर्यंत एकच वेळ. अशी एकसारखी वेळ दिसली की लांबलेल्या ट्रान्झॅक्शनवर संशय घ्यायला हरकत नाही.

उपाय म्हणजे मागे वळून पाहणं. वॉटरमार्क आहे तसाच ठेवायचा, पण विचारताना त्याच्या थोडं मागून विचारायचं:

```sql
SELECT * FROM prices
WHERE updated_at > :watermark - interval '30 minutes';
```

११:३० च्या खेपेला आता १०:४९:५२ नंतरचं सगळं येईल आणि ४,२०० दर त्यात असतील. अर्धा तासच का? आपल्या उदाहरणात वॉटरमार्क आणि शिक्का यांच्यात १७ मिनिटं ४२ सेकंदांचं अंतर होतं. १५ मिनिटांची खिडकी ठेवली असती, तर उपाय करूनही दरयादी गळालीच असती. खिडकी सगळ्यात लांब चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनपेक्षा मोठी हवी. `pg_stat_activity` मध्ये `xact_start` पाहून चालू ट्रान्झॅक्शन कधीपासून उघडी आहेत हे कळतं. काही दिवस ते टिपून ठेवलं की अंदाज बांधता येतो.

पण अंदाज तो अंदाजच. कुणीतरी दुपारी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून जेवायला जातं. म्हणून वरून मर्यादाही घालावी. पोस्टग्रेस १७ पासून `transaction_timeout` हे सेटिंग आलं आहे. ते २५ मिनिटांवर ठेवलं तर त्याहून लांबलेलं ट्रान्झॅक्शन डेटाबेस स्वतःच तोडतो आणि अर्ध्या तासाची खिडकी नुसती आशा न राहता हिशोब होते. त्याआधीच्या आवृत्त्यांत `idle_in_transaction_session_timeout` आहे, पण ते फक्त रिकाम्या बसलेल्या ट्रान्झॅक्शनला पकडतं, सतत काम करणाऱ्याला नाही.

मागे वळून पाहण्याची किंमत म्हणजे पुनरावृत्ती. दहा मिनिटांच्या खेपा आणि वर अर्ध्या तासाची खिडकी, म्हणजे प्रत्येक ओळ साधारण चार वेळा येते. `updated_at` वर इंडेक्स असेल तर वाचनाचा भार फारसा जाणवत नाही. लिहिताना मात्र `INSERT ... ON CONFLICT (id) DO UPDATE` असं लिहावं लागतं, म्हणजे ओळ नसेल तर घालायची आणि असेल तर तिच्यावरच लिहायची. नुसतं जोडत गेलात तर एक बिल चार वेळा मोजलं जाईल. ओळ आली की ग्राहकाला एसएमएस, अशी व्यवस्था असेल तर आधी पाठवलेल्याची नोंद ठेवल्याशिवाय खिडकी उघडूच नये.

इथे एक फसवी सावधगिरी हमखास दिसते: आलेली ओळ जुन्यापेक्षा नव्या वेळेची असेल तरच लिही, अशी अट. दरयादी चालू असताना, ती त्या औषधापर्यंत पोहोचण्याआधी, कुणी ११:०५ ला एक दर बदलून कमिट केला, असं धरा. नंतर दरयादीने त्याच दरावर लिहिलं. आता खरा दर दरयादीचा, पण शिक्का ११:०२:१० चा. ओळीची वेळ मागे गेली. अट घातली असेल तर बरोबर दर नाकारला जाईल. मूळ डेटाबेस दरवेळी ओळीची ताजी अवस्थाच देतो, तेव्हा दोन खेपा एकाच वेळी चालू नसतील एवढं पाहावं आणि बिनशर्त लिहावं.

पुसलेल्या ओळी या मार्गाने कधीच येत नाहीत, कारण शिक्का मारायला ओळच उरत नाही. त्यांच्यासाठी रात्री दोन्हीकडचे क्रमांक ताडून पाहावे लागतात. त्याच वेळी दोन दिवसांच्या खिडकीची एक मोठी खेप चालवली, तर दिवसभरात निसटलेलं सापडतं. त्या खेपेत रोज काहीतरी सापडू लागलं, तर अर्ध्या तासाची खिडकी पुरत नाही.