उन्हाचा थकवा की उष्माघात?

सभासद बंधूंनो, घाम नुसता येऊन भागत नाही; तो वाळला तरच अंग निवते. बांधणीच्या दाट उसात वारा नसतो, हवा दमट असते, म्हणून घाम गळतो पण वाळत नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या उघड्यावरील कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण दगावले. तिथली हवाही दमटच.

गड्याला चक्कर, मळमळ आहे पण बोलणे नीट आहे, तर तो थकवा. सावलीत निजवा, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजा. तो बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर अंगाला घाम असला तरी उष्माघातच समजा. मग तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवीत बसू नका. मोटारीचे पाणी अंगभर ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत ओतणे थांबवू नका, असे आम्ही निक्षून सांगतो.