अपेंडिक्स : कधी कापायचं, कधी थांबायचं

बेंबीभोवती दुखायला लागतं, एखादी उलटी होते आणि काही तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकतं. सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं दिसतं. ‘ऑपरेशन करून टाका’ हा सल्ला आपल्याला पाठ आहे. पण अपेंडिक्स फुटलेलं नसेल, पू झालेला नसेल, तर नुसत्या अँटिबायोटिक्सनेही भागू शकतं.

फिनलंडमध्ये याची नीट परीक्षा झाली. १८ ते ६० वयाच्या ५३० रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचं ऑपरेशन झालं, बाकीच्यांना तीन दिवस सलाइनमधून आणि मग सात दिवस गोळ्यांतून अँटिबायोटिक्स दिली. औषधवाल्यांपैकी वर्षभरात सुमारे २७ टक्के, पाच वर्षांत ३९ टक्के लोकांना शेवटी ऑपरेशन लागलं. म्हणजे दहातले सहा जण सुटले. मात्र आत खडा अडकलेले रुग्ण सीटी स्कॅन पाहून आधीच वगळले होते, कारण खडा असला की औषध फसण्याची शक्यता वाढते. माझं मत विचाराल तर खडा असलेल्याने किंवा दवाखान्यापासून लांब राहणाऱ्याने दुर्बिणीतून ऑपरेशन करून मोकळं व्हावं.

गाठ झाली की मात्र गणित उलटतं. समजा, पन्नाशीच्या एका गृहस्थांनी पाच दिवस ‘गॅस’ म्हणून दुखणं अंगावर काढलं. आता ताप आहे आणि उजवीकडे हाताला गोळा लागतो. सुजलेल्या अपेंडिक्सला आतड्याची वेटोळी आणि पोटातला चरबीचा पडदा चिकटून बसलाय. शरीरानेच आगीभोवती कुंपण घातलंय. इथे घाईने सुरी घातली तर चिकटलेलं आतडं फाटू शकतं, कधी आतड्याचा तुकडाच काढावा लागतो. म्हणून सर्जन थांबतो. नातेवाईक चिडतात, ‘आधी नेलं असतं तर लगेच कापलं असतं, आता का नाही?’ पण हे थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. तोंडाने काही द्यायचं नाही, सलाइन आणि अँटिबायोटिक्स चालू. पोटावर पेनाने गोळ्याची कड आखून ठेवतात आणि नाडी, ताप दर काही तासांनी टिपतात. दोनेक दिवसांत ताप उतरला, भूक लागली, गोळा रेषेच्या आत आला, तर गाडी रुळावर आहे. नाडी वाढत गेली, दुखणं पोटभर पसरलं, तर थांबणं संपलं. पू साचला असेल तर बहुधा सोनोग्राफीत बघत नळी घालून तो काढतात.

गोळा विरल्यावर दीड-दोन महिन्यांनी अपेंडिक्स काढावंच का, यावर सर्जनांत दुमत आहे, कारण बहुतेकांना पुन्हा त्रास होत नाही. पण चाळिशीनंतर प्रश्न वेगळा असतो. अशा गाठीमागे कधी कधी ट्यूमर लपलेला निघतो. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्यांनी दुखणं थांबलं म्हणून फाइल कपाटात टाकू नये. कोलोनोस्कोपी आणि सीटी स्कॅन कधी करायचा, हे डिस्चार्जच्या दिवशीच सर्जनना विचारून घ्यावं.